दुसऱ्या डावात पोटऱ्या वळतात, डोकं धरतं: उन्हाळी सरावातली नेहमीची तक्रार कुठे शोधायची

धाराशिव जिल्ह्यात गेली बरीच वर्षं मी शाळेच्या मुलामुलींना खो-खो शिकवतो. एप्रिल-मेच्या शिबिरात आणि पुन्हा ऑक्टोबरच्या उन्हात तालुका-जिल्हा स्पर्धांच्या वेळी एकच तक्रार दरवर्षी येते. पहिला डाव झकास होतो, दुसऱ्या डावात तीच पोरं ढेपाळतात. पालक म्हणतात अंगात ताकद नाही, काहीतरी पावडर सांगा. पावडर लागत नाही. बहुतेक वेळा बिघाड पाणी, मीठ आणि जेवणाच्या वेळा यांतच सापडतो, आणि तो घरातल्या डब्यांतूनच दुरुस्त होतो. मी ज्या क्रमाने तपासतो तोच क्रम खाली दिला आहे. आधी फुकटातलं, मग थोडा खर्च लागणारं, आणि शेवटी दवाखाना.

लक्षणं

पळताना दिशा बदलायला उशीर होतो, खो मिळाल्यावर उठायला अर्धा क्षण जास्त लागतो. सूर मारायची हिंमत होत नाही. नऊ मिनिटांच्या पाळीच्या शेवटी पोटरीत किंवा मांडीत गोळा येतो. सराव संपल्यावर कपाळ ठणकतं, मळमळतं, रात्री जेवण जात नाही. काहींना उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते. काहींची चिडचिड वाढते, आणि ती आपण शिस्तीच्या खात्यात टाकून मोकळे होतो. टीशर्टच्या पाठीवर किंवा कपाळपट्टीवर वाळल्यावर पांढरे पट्टे दिसतात. दुसऱ्या दिवशी सकाळी मूल ताजंतवानं न उठता जडच उठतं.

यातलं काहीही असलं तरी त्या दिवसापुरतं आधी थांबवायचं. सावलीत बसवून पाय थोडे उंच ठेवायचे, घोट घोट पाणी द्यायचं, वळलेला स्नायू हळूहळू ताणून धरायचा. शोध नंतर.

पण पुढचं कुठलंही लक्षण दिसलं तर ही तपासणी बाजूला ठेवून थेट शेवटच्या भागाकडे जा: मूल असंबद्ध बोलतंय, ओळखीचं नाव विसरतंय, झोकांड्या खातंय, उलट्या थांबत नाहीत, झटका आला किंवा शुद्ध गेली. ही साधी दमणूक नव्हे.

पहिली तपासणी: लघवीचा रंग आणि शेवटची वेळ

पैसा लागत नाही, फक्त विचारायची लाज सोडावी लागते. मी मैदानावर येताच विचारतो, “शेवटचं कधी जाऊन आलात, आणि रंग कसा होता?” लिंबू सरबतासारखा फिका पिवळा असेल तर ठीक. मोहरीच्या तेलासारखा गडद असेल, किंवा दुपारी बारानंतर गेलंच नसेल, तर मूल मैदानावर येतानाच कोरडं आहे. (बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या चालू असतील तर रंग पिवळाजर्दच येतो, तेव्हा रंगावर जाऊ नका.)

ही तपासणी पहिली ठेवायचं कारण असं की सरावाच्या दोन तासांत दिवसभराची तूट भरून निघत नाही. पोट एका वेळी ठरावीकच पाणी पुढे सोडतं. कोरडं आलेलं मूल सरावाच्या तोंडावर गटागटा बाटली रिकामी करतं, पळायला लागलं की पोटात डचमळतं, कळ येते, आणि मग “पाणी पिऊन पळू नको” हा जुना समज आणखी पक्का होतो. माझ्या लहानपणी आम्हाला तहान मारायला शिकवायचे. त्यातून तहान मारता आली, पण पळता आलं नाही.

मुलींच्या बाबतीत इथे एक प्रश्न मी प्रत्येक नव्या संघात काढतो, कारण तो कुणी आपणहून सांगत नाही. एका वर्षी आमच्या निम्म्या मुलींची लघवी गडद यायची. बाटल्या होत्या, माठ होता, तरी त्या पीत नव्हत्या. शेवटी संघनायिकेने सांगितलं की दुपारनंतर मुलींच्या स्वच्छतागृहाला कुलूप लागतं आणि किल्ली शिपाईमामांबरोबर घरी जाते. त्या ठरवूनच अकरानंतर पाणी पीत नव्हत्या. आम्ही किल्लीची दुसरी प्रत करून संघनायिकेकडे दिली आणि आत बादलीभर पाणी राहील याची पाळी लावली. पुढच्या दहा दिवसांत निम्म्या तक्रारी गेल्या. आहार-पाण्याचं वेळापत्रक देण्याआधी तुमच्या शाळेतली किल्ली कुठे असते ते बघा.

दुरुस्ती: सरावाच्या दोन-तीन तास आधी चाळीस किलोच्या मुलाला साधारण २०० ते ३०० मिली पाणी, म्हणजे मोठा पेलाभर. एवढ्या वेळात जास्तीचं लघवीवाटे निघून जातं. निघण्याआधी पुन्हा अर्धा पेला. माठाचं पाणी उत्तम, कारण गार पाणी मुलं आपणहून जास्त पितात.

दुसरी तपासणी: शेवटचं काय खाल्लं, किती वाजता?

तीन दिवस मुलांना वहीत फक्त दोन गोष्टी लिहायला सांगा: काय खाल्लं आणि घड्याळात किती वाजले होते. किती खाल्लं ते विचारू नका, मुलं चांगलं दिसेल तेच लिहितात.

आमच्याकडे दोनच नमुने निघतात. सकाळच्या सरावाला येणारे साडेपाचला चहा आणि खारी घेऊन येतात. संध्याकाळचे दीड वाजता शाळेची खिचडी खाऊन थेट पाचला मैदानावर उतरतात आणि घरी आठला जेवतात. मध्ये साडेसहा तास जातात, आणि त्यातले दीड-दोन तास पळण्याचे. स्नायू पळताना साठवलेली साखर जाळतात. तो साठा खाली गेला की पाय जड होतात, लक्ष उडतं, आणि ते बरोबर उन्हाच्या थकव्यासारखंच दिसतं. म्हणून पाण्याला दोष देण्याआधी पोट तपासायचं. रिकाम्या पोटी नुसतं पाणी वाढवून काही साधत नाही.

दुरुस्तीचा हिशेब वेळेवर आहे. अडीच-तीन तास आधी पोटभर, पण कमी तेलातलं: ज्वारीची भाकरी आणि वरण, दहीभात, किंवा पोळी आणि बटाट्याची भाजी. अर्धा-पाऊण तास आधी हलकं आणि गोडसर: एक केळं, किंवा राजगिऱ्याचा लाडू, किंवा मूठभर चुरमुरे आणि गुळाचा खडा. दाणे, वडापाव, भजी या वेळी नकोत. शेंगदाण्यासारखा स्वस्त आणि ताकदीचा पदार्थ दुसरा नाही, पण त्यातलं तेल पोटात वेळ घेतं, म्हणून दाणे सरावानंतर. सराव संपल्यावर अर्ध्या तासात मूठभर भाजलेले दाणे किंवा फुटाणे, गुळाचा खडा आणि पेलाभर ताक दिलं की स्नायूंना साखर मिळते, दुरुस्तीला प्रथिनं मिळतात आणि गेलेल्या पाण्या-मिठाचा थोडा भाग भरून येतो. अंडं चालणाऱ्या घरांत उकडलेलं अंडं. रात्री नेहमीचं जेवण, त्यात मटकी किंवा मूग असावेत.

सकाळी साडेपाचला जेवण जात नाही, हे खरं आहे. त्यासाठी आदल्या रात्रीचं जेवण टाळू द्यायचं नाही आणि पहाटे सातूचं पीठ गूळ-पाण्यात पातळ कालवून पेलाभर द्यायचं. सातू करणारी आजी घरात नसेल तर केळं. चहाला मी बंदी घालत नाही. चहाने अंगातलं पाणी आटतं असं नाही, पण तो भूक मारतो, आणि खारी-बिस्किटांच्या जोडीने तोच नाश्ता होऊन बसतो.

उपवासाचा मुद्दा वहीत आपोआप येत नाही, तो विचारावाच लागतो. नवरात्र नेमकं स्पर्धांच्या आणि ऑक्टोबरच्या उन्हाच्या सुमारास येतं. नऊ दिवस उपवास धरणारी मुलगी साबुदाण्यावर पळू शकते, पण साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नसतात, म्हणून बरोबर दाण्याची आमटी, दही, राजगिरा, वरई हवी. उपवासाचं मीठ चालत असेल तर ते ताकात घालायचं. पाणीही न घेता उपवास किंवा रोजा असेल तर त्या दिवशी उन्हात सराव नाही. उपवास सुटल्यावर हलका सराव, किंवा बसून डावपेच. यावर मी वाद घालत नाही आणि मुलाला कुणा एकाच्या बाजूने उभंही करत नाही, घरच्यांशी बोलून फक्त वेळ बदलतो.

तिसरी तपासणी: वजनकाटा

इथपर्यंत सगळं जागेवर असून तक्रार उरली तर अंदाज सोडून मोजायचं. शंभर ग्रॅमचा फरक दाखवणारा साधा डिजिटल काटा लागतो. आरोग्य तपासणीसाठी शाळेत तो बहुधा असतोच. जुना सुईचा काटा या कामाला चालत नाही.

सरावाआधी लघवीला जाऊन आल्यावर, बूट काढून वजन घ्या. प्रत्येकाने आपल्याच बाटलीतून प्यायचं, म्हणजे किती प्यायलं ते कळतं. सराव संपल्यावर घाम पुसून, कोरडा टीशर्ट घालून पुन्हा वजन. ओला टीशर्ट काट्याला फसवतो. दोन वजनांतला फरक हा जवळजवळ सगळा पाण्याचा असतो: एक किलो म्हणजे एक लिटर. दीड तासात चरबी शंभर ग्रॅमनेसुद्धा उतरत नाही, हे बारीक होण्याच्या मागे लागलेल्या मुलींना मी मुद्दाम सांगतो. हे आकडे मी वहीतच ठेवतो, कुणाचं वजन मोठ्याने वाचत नाही.

एका मुलीचा हिशेब मांडतो. नववीतली, संघातली उत्तम संरक्षक. दुसऱ्या डावात डावी पोटरी हमखास वळायची. सरावाआधी वजन ४२ किलो, दीड तासानंतर ४१.१. मध्ये प्यायली ४०० मिली. म्हणजे घाम गेला ०.९ अधिक ०.४, एकूण १.३ लिटर. वजनाच्या तुलनेत तूट २ टक्क्यांच्या किंचित वर. साधारण २ टक्क्यांच्या पुढे तूट गेली की रक्ताचं आकारमान घटतं, नाडी वाढते, शरीर गार ठेवायला कातडीकडे पुरेसं रक्त पोचत नाही. तिचा दुसरा डाव बिघडायचा तो याच टप्प्यावर.

मग वेळापत्रक लावलं. दर पंधरा मिनिटांनी शिट्टी, प्रत्येक शिट्टीला १५० मिलीचा एक स्टीलचा पेला. असे पाच पेले, म्हणजे ७५० मिली. आता सरावाअखेर तूट उरली ०.५५ किलो, म्हणजे सव्वा टक्का. सगळा घाम जागच्या जागी भरून काढायची गरज नसते, तूट दोन टक्क्यांच्या आत राहिली की पुरे. उरलेल्या तुटीच्या दीडपट पाणी पुढच्या दोन-चार तासांत द्यायचं, कारण प्यायलेल्यातलं काही लघवीवाटे जातंच. तिच्यासाठी ते झालं ८०० मिलीच्या आसपास: सरावानंतर दोन पेले ताक आणि बाकीचं पाणी रात्रीच्या जेवणापर्यंत.

हा काटा उलटी चूकही पकडतो, आणि ती जास्त धोक्याची आहे. त्याच आठवड्यात एका मुलाचं वजन सरावानंतर ३८ चं ३८.५ झालं. त्याला कुणीतरी सांगितलं होतं की डोकं दुखलं की पाणी पी, म्हणून तो नुसतं पाणी पीत सुटला होता. पोट फुगलेलं, मळमळ, डोकं दुखणं वाढलेलं. घामावाटे मीठ गेलं आणि वरून साधं पाणी ओतलं की रक्तातलं सोडियम पातळ होतं. ते फार खाली गेलं तर झटके येतात, जिवावर बेततं. डोकं दुखतंय, लघवी पांढरीशुभ्र आहे आणि वजन वाढलंय, तर पाणी बंद करायचं, काहीतरी खारट खायला द्यायचं आणि अर्ध्या तासात उतार पडला नाही तर दवाखाना. दुखणं बाहेरून सारखंच दिसतं, औषध मात्र उलटं. म्हणूनच काटा हवा.

चौथी तपासणी: घामातलं मीठ आणि बाटलीत काय आहे

त्या मुलीचा गोळा पाण्याचं वेळापत्रक लावल्यावर कमी झाला, पूर्ण गेला नाही. तिच्या काळ्या कपाळपट्टीवर वाळल्यावर मिठाचे पांढरे नकाशे उमटायचे. प्रत्येकाचा घाम सारखा खारट नसतो. काहींचा इतरांपेक्षा दुप्पट-तिप्पट खारट असतो. सराव तासाच्या आत असेल आणि मूल नीट जेवलेलं असेल तर साधं पाणी पुरतं, उगाच सरबत करू नका. दीड-दोन तासांचा सराव, दिवसात दोन सामने, किंवा असे पांढरे पट्टे असतील तर बाटलीत मीठ-साखर हवी. मीठ पाणी अंगात धरून ठेवतं, थोडी साखर पाणी आतड्यातून लवकर शोषायला मदत करते.

आमचं मैदानाचं सरबत एक लिटरसाठी असं: उकळून गार केलेलं किंवा गाळलेलं पाणी, साखर सपाट १० चहाचे चमचे, मीठ पाव चमचा, दोन लिंबं. वीस मुलांसाठी दहा लिटर केलं तर साखर सव्वाचारशे ग्रॅम आणि मीठ अडीच चमचे. साखरेचा खर्च वीस-पंचवीस रुपयांच्या आत बसतो. महाग पडतात ती लिंबं, कारण ऐन उन्हाळ्यातच त्यांचा भाव चढतो. तेव्हा आम्ही कैरी उकडून पन्हं करतो, कोकणातल्या शाळांनी कोकम वापरावं. आंबटपणा फक्त चवीसाठी आहे, लिंबू नसलं तरी काम होतं. काय वाट्टेल ते आंबट वापरा, पण भांडं स्टीलचं किंवा खाण्याच्या दर्जाच्या प्लास्टिकचं घ्या. बिनकल्हईच्या पितळी-तांब्याच्या भांड्यात आंबट सरबत किंवा ताक ठेवलं की धातू उतरतो आणि मुलं ओकायला लागतात.

चाखून बघा. डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा खारट लागलं तर मीठ जास्त झालं, पाणी वाढवा. फार गोड लागलं तरी तेच. बाजारच्या थंड पेयात लिटरमागे शंभर ग्रॅमच्या आसपास साखर असते, म्हणजे आमच्या सरबताच्या दुपटीहून जास्त. एवढं गोड पाणी पोटात रेंगाळतं, म्हणून ते पिऊन पळणाऱ्याला कळ येते. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असलं तरी सोडियम कमी असतं, शिवाय रोज वीस मुलांना ते परवडत नाही. मिठाच्या गोळ्या गिळायला देऊ नका, पोट बिघडतं आणि तहान विचित्र वाढते. चिमूटभर मीठ जेवणात वाढवणं जास्त सोपं आहे: ताकात, काकडीवर, लोणच्याच्या फोडीत.

ओआरएसचं काय, असं दर वेळी विचारतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचं ओआरएस जुलाब-उलट्यांतून गेलेलं पाणी भरून काढायला केलेलं आहे. त्यात लिटरमागे मीठ २.६ ग्रॅम आणि ग्लुकोज १३.५ ग्रॅम असतं, शिवाय पोटॅशियम क्लोराइड आणि सायट्रेट. खेळताना चव खारट लागते म्हणून मुलं कमी पितात, पण उन्हाने उलटी झाली, जुलाब होताहेत, तर तेच द्यायचं. पुडी आशाताईंकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळते. पुडीवर जितकं पाणी लिहिलंय तितक्याच पाण्यात, आणि पुडी पूर्ण. मी पालकांना लिटरची पुडी अर्ध्या पेल्यात ढवळताना पाहिलं आहे. इतकं दाट द्रावण उलट आतड्यात पाणी ओढून घेतं. नावात ओआरएस मिरवणारी गोड पेयं वेगळी. भारताच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२५ मध्ये त्या सूत्रात न बसणाऱ्या पेयांवर हे नाव वापरायला मनाई केली. तरी खोक्यावरचं नाव बघू नका, मागची साखर वाचा.

एक प्रामाणिक मर्यादा सांगतो. प्रत्येक गोळा मिठामुळे येत नाही. नवीन मूल ताकदीपलीकडे पळालं की थकलेला स्नायूही वळतो. सरबत देऊनही फक्त एकाच पायात, एकाच जागी गोळा येत असेल तर सराव कमी करा, बूट बघा, जुनी दुखापत विचारा. वरच्या मुलीचा गोळा मात्र सरबत सुरू केल्यावर दुसऱ्या आठवड्यात थांबला.

पाचवी तपासणी: सरावाची वेळ आणि शिबिराचा पहिला आठवडा

जेवण-पाण्याने उन्हाला एका मर्यादेपर्यंतच तोंड देता येतं. शरीर उन्हाला सरावायला १० ते १४ दिवस घेतं. त्या काळात घाम लवकर सुटायला लागतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. म्हणून शिबिराच्या पहिल्या चार दिवसांत अर्ध्या वेळाचाच सराव. आजारातून उठलेलं किंवा मामाच्या गावाहून पंखा-कूलरखाली पंधरा दिवस काढून आलेलं मूल पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू करतं. मे महिन्यात आमचं मैदान सकाळी साडेआठला रिकामं होतं. किनारपट्टीवर पारा कमी दिसतो म्हणून गाफील राहू नका, दमट हवेत घाम वाळत नाही आणि न वाळलेला घाम शरीर गार करत नाही.

सहावी तपासणी: रक्त

वरचं सगळं तीन आठवडे मनापासून केलं, आणि तरी एखादी मुलगी पहिल्याच पाळीत धापा टाकते, जिना चढताना छाती धडधडते, पापणीची आतली बाजू फिकट दिसते, माती-खडू-कच्चे तांदूळ खावेसे वाटतात, तर सरबताने काही होणार नाही. हिमोग्लोबिन तपासायचं. बारा वर्षांवरील मुलींमध्ये ते १२ पेक्षा कमी असलं तर रक्तक्षय. पंधरा ते एकोणीस वयाच्या भारतातल्या निम्म्याहून अधिक मुलींना तो असल्याचं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत दिसलं, म्हणजे तुमच्या संघातही कुणीतरी असणारच. मुलांमध्येही तो असतो, फक्त आपण शोधत नाही. तपासणी आरोग्य केंद्रात होते.

शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी अनेक मुली चुपचाप फेकतात, कारण रिकाम्या पोटी मळमळतं. जेवणानंतर घ्यायला सांगा, आणि तिच्या आगेमागे तासभर चहा नको. बाजरी, मटकी, पालेभाजी, हळीव यांतलं लोह लिंबू पिळल्याने जास्त शोषलं जातं. मात्र हिमोग्लोबिन खरोखर खाली असेल तर नुसत्या गूळ-बीटाने ते वेळेत वर येत नाही. उपचाराची गोळी आणि तिचा डोस डॉक्टरच ठरवतील. आपण फक्त तोवर तिचा सराव अर्धा ठेवायचा आणि तिचं संघातलं नाव कायम ठेवायचं. नाव जाईल या भीतीने मुली धाप लपवतात.

इथे थांबा, डॉक्टरांना बोलवा

असंबद्ध बोलणं, झोकांड्या, झटका, शुद्ध हरपणं, आणि हात लावल्यावर भट्टीसारखं तापलेलं अंग: हा उष्माघात आहे असं धरूनच चाला. अंग कोरडं असेलच असं नाही. खेळताना झालेल्या उष्माघातात मूल घामाने निथळत असू शकतं, त्यावरून फसू नका. १०८ ला एकाने फोन लावायचा आणि बाकीच्यांनी त्याच क्षणी गार करायला लागायचं. गाडीची वाट बघत बसायचं नाही, कारण इथे मिनिटांवर सगळं ठरतं. जवळ हौद किंवा मोठं टब असेल तर डोकं वर धरून मुलाला मानेपर्यंत पाण्यात बसवा, एकाने काखेत धरून ठेवायचं. नसेल तर अंगावर बादल्या ओतत राहा, ओल्या चादरी गुंडाळून दर दोन मिनिटांनी बदला, पुठ्ठ्याने वारा घाला. शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नका, सरबतही नाही. तापाची गोळी इथे उपयोगाची नाही.

याशिवाय काही गोष्टी मैदानावर सोडवायच्या नसतात. पळता पळता अचानक कोसळलेलं मूल, दोन मिनिटांत उठून हसायला लागलं तरी, हृदयाची तपासणी झाल्याशिवाय मैदानावर नको. सरावानंतर चहा-कोलासारखी तपकिरी लघवी आणि स्नायू कडक दुखणं म्हणजे स्नायू मोडून मूत्रपिंडावर ताण आल्याची खूण. त्याच दिवशी दवाखाना. विदर्भात आणि नंदुरबारसारख्या आदिवासी भागांत सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी झालेली असते. मुलात त्याचा अंश असेल तर प्रशिक्षकाला माहीत हवं, कारण उन्हात जोरात पळताना त्यांना हा धोका जास्त असतो. त्यांना मधले थांबे जास्त लागतात. आणि मधुमेह, फिट्स, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असलेल्या मुलाला वरचं मीठ-साखरेचं प्रमाण लावू नका, त्याचं प्रमाण त्याच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या.

आमच्या मैदानाच्या पेटीत आता शिट्टीबरोबर एवढं असतं: १५० मिलीचा मापाचा पेला, चहाचा चमचा, मिठाची डबी, ओआरएसच्या चार पुड्या, दोन जुन्या चादरी, आणि आरोग्य केंद्राचा नंबर मोठ्या अक्षरात लिहिलेला पुठ्ठा. स्वच्छतागृहाची किल्लीही त्याच पेटीच्या कडीला बांधलेली आहे.